ग्रुपमधला बॉट: तोंड कधी उघडायचं, कधी नाही

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या टेलिग्राम ग्रुपवर मी एक बॉट बसवलाय, नाव सखाराम. मागे भाषा-मॉडेल आहे आणि टँकरच्या वेळा, मेंटेनन्स, हॉलचं बुकिंग, नियमावली असं सगळं त्याला दिलंय. आधी तो प्रत्येक प्रश्नावर तुटून पडायचा, लोक वैतागले. मग फक्त टॅग केल्यावरच बोलायला लावलं, तर आता कुणी त्याला विचारतच नाही, तेच ते प्रश्न पुन्हा सेक्रेटरींना. "गरज असेल तरच उत्तर दे" असं प्रॉम्प्टमध्ये लिहून पाहिलं, फरक पडला नाही. मधला मार्ग कसा काढायचा?

प्रॉम्प्टमधल्या त्या ओळीपासूनच सुरू करतो, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. भाषा-मॉडेलची घडण उत्तर देण्यासाठी झालेली असते. समोर प्रश्नासारखं काही दिसलं आणि उत्तर जवळ असलं, की त्याला गरज वाटतेच. "गरज नसेल तर NO_REPLY लिही" असं सांगितलं, तर कधी तो ऐकतो, कधी "मी यावर गप्प राहतो" असं ग्रुपवर जाहीर करतो, तर कधी NO_REPLY हाच शब्द दीडशे लोकांना पाठवतो. मी तिन्ही प्रकार पाहिलेत. बोलायचं की नाही आणि काय बोलायचं, ही दोन कामं वेगळी करा. पहिल्या कामासाठी मॉडेलला वेगळं बोलवा आणि त्याच्याकडून फक्त एक खूण घ्या. त्या खुणेवरून निर्णय घ्यायचा तो तुमच्या कोडने.

आता खूण कसली? "मी उत्तर देऊ का?" हे मॉडेलला विचारू नका. विचारा, "हा शेवटचा मेसेज कोणाला उद्देशून आहे?" आणि पर्याय चारच द्या: बॉटला, एका ठरावीक माणसाला, सगळ्यांना, कोणालाच नाही. पहिला प्रश्न मत मागतो, दुसरा समोर काय चाललंय ते विचारतो, आणि दुसऱ्यात मॉडेल बरंच कमी चुकतं. सोबत आधीचे दहा-पंधरा मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ यांसह द्या. एकटा मेसेज दिला तर माणसालाही सांगता येणार नाही की "कधी येणार?" हे टँकरबद्दल आहे की कुणाच्या मुलाच्या सुट्टीबद्दल.

ही कल्पना माझी नव्हे. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या संशोधकांनी १९७४ साली माणसं गप्पांमध्ये पाळी कशी ठरवतात यावर एक निबंध लिहिला. त्यातला नियम साधा आहे: बोलणाऱ्याने पुढचा माणूस निवडला असेल तर बोलण्याचा हक्क त्याचाच, नसेल निवडला तर जो आधी तोंड उघडेल त्याचा. बॉटची गोची इथेच होते. खुल्या पाळीत तो नेहमी जिंकतो, कारण तो दीड सेकंदात टाइप करतो आणि पाटीलकाकांना चष्मा शोधावा लागतो. त्यामुळे खुल्या पाळीत बॉटने मुद्दाम मागे राहिलं पाहिजे. किती मागे, ते पुढे सांगतो.

त्याआधी थोडा हिशोब, कारण "आमचा बॉट शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर ओळखतो" या वाक्यावर विश्वास ठेवून लोक फसतात. समजा ग्रुपवर दिवसाला २०० मेसेज येतात आणि त्यातल्या फक्त १० ठिकाणी बॉटने बोलायला हवं. उरलेल्या १९० पैकी पाच टक्के ठिकाणी तो चुकला, तर साडेनऊ वेळा नको तिथे बोलेल. दहापैकी साडेनऊ वेळा हवं तिथे बोलेल. म्हणजे दिवसभरात जेवढ्या वेळा तो बोलला त्यातलं निम्मं आगाऊपणाचं. लोकांना पंच्याण्णव टक्के दिसत नाहीत, त्यांना हे निम्मं दिसतं.

शिवाय दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. बॉट गप्प राहिला आणि हवा होता, तर एका माणसाला टॅग करून पुन्हा विचारावं लागतं. बॉट बोलला आणि नको होता, तर दीडशे मोबाइल वाजतात. मी साधारण असं धरतो की एक आगाऊ उत्तर आठ हुकलेल्या उत्तरांइतकं महाग आहे. मग बोलण्यासाठी लागणारी खात्री निघते ८ भागिले (८ + १), म्हणजे सुमारे ०.८९. तुम्ही आठच्या जागी पाच धरा किंवा वीस, तो ग्रुपच्या स्वभावाचा प्रश्न आहे. फक्त मॉडेलला "किती खात्री आहे?" विचारून तो आकडा इथे वापरू नका. ते ०.९५ म्हणतं तेव्हा खरोखर शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर असतं असं नाही. आपल्याच ग्रुपचे मेसेज हाताने तपासून हे ठरवावं लागतं.

आता मराठी ग्रुपची खासियत. मराठीत प्रश्नचिन्हावर अजिबात विसंबू नका. "आज पाणी येणार का" याला चिन्ह नसतं, "pani kadhi yenar" याला तर देवनागरीही नसते, आणि "मेंटेनन्स घेताना बरी आठवण येते, पाणी द्यायचं कोण?" याला चिन्ह असूनही तो प्रश्न नाही, टोमणा आहे. टोमण्याला उत्तर देणारा बॉट हा ग्रुपवरचा सगळ्यात केविलवाणा प्राणी. "देव जाणे", "कोण विचारतंय", "झोपलेत वाटतं साहेब" असे पंधरा-वीस नमुने तुमच्याच ग्रुपमधून उचलून मॉडेलला उदाहरणं म्हणून द्या. दुसऱ्या ग्रुपचे चालत नाहीत, प्रत्येक सोसायटीची टोमण्यांची शैली वेगळी असते.

उलट मराठी एक मोठी मदतही करते: विभक्ती. लोक बॉटशी बोलतात तसं बॉटबद्दलही बोलतात आणि नुसतं नाव शोधणारा कोड दोन्हीला सारखंच धावतो. "सखाराम, हॉल रविवारी मोकळा आहे का" हे त्याला आहे. "सखारामने परवा चुकीचं सांगितलं", "सखारामला काय कळतंय", "सखारामचं ऐकू नका" ही त्याच्याबद्दलची वाक्यं आहेत. नावाला ने, ला, चा-ची-चं लागलं की समजायचं, माणसं आपापसात बोलतायत. टॅगच्या बाबतीतही हेच. "@sakharam_soc_bot ला विचारा ना" असं कुणी लिहिलं तर टॅग झाला खरा, पण सूचना शेजाऱ्याला आहे. टॅगनंतरचा पहिला शब्द विभक्तीचा प्रत्यय आहे का, एवढं तपासलं तरी बरीचशी लाज वाचते. दुसरी खूण क्रियापदाची. आमच्या ग्रुपांत माणसं एकमेकांना "सांगा", "बघा" म्हणतात आणि बॉटला बिनदिक्कत "सांग", "दाखव". ही खूण कच्ची आहे, एकटीवर निर्णय घेऊ नका, पण मॉडेलला दिलेल्या सूचनेत हे एक वाक्य असू द्या.

टॅग शोधताना एक तांत्रिक खड्डा आहे. टेलिग्राम टॅगची जागा UTF-16 एककांत मोजून देतो. देवनागरी अक्षरं आणि मात्रा प्रत्येकी एक एकक धरतात, पण 🙏 दोन धरतो. पायथॉनमध्ये `text[offset:offset+length]` असं थेट कापलं, तर टॅगच्या आधी इमोजी असलेल्या प्रत्येक मेसेजमध्ये तुकडा सरकतो आणि बॉटला आपलं नाव ओळखू येत नाही. "सकाळच्या मेसेजना बॉट प्रतिसाद देत नाही" अशी तक्रार माझ्याकडे आली होती. शोधलं तर कारण होतं सुप्रभातची फुलं. `python-telegram-bot` वापरत असाल तर `message.parse_entity()` हे नीट करतं.

निर्णयाचा कोड मग इतका छोटा उरतो:

```python
def decide(m, to, called, has_fact):
    if m.from_user.is_bot or too_old(m):
        return "silent"
    if called and to == "bot":
        return "reply"
    if to == "all" and has_fact:
        return "wait"
    return "silent"
```

`called` म्हणजे टॅग, "सखाराम, …" अशी नावाने थेट हाक, बॉटच्या मेसेजला दिलेला रिप्लाय, किंवा पाठोपाठचा प्रश्न. पाठोपाठचा म्हणजे बॉटने उत्तर दिल्यावर त्याच माणसाने दोन मिनिटांच्या आत, मध्ये दुसरं कुणी बोललेलं नसताना "आणि उद्या?" असं विचारणं. या तीन अटींतली एकही सैल करू नका. एका ग्रुपवर मी "मध्ये दुसरं कुणी नको" ही अट काढली, तर बॉटच्या मेसेजखाली पार्किंगवरून भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये तो तिसरा पक्ष म्हणून उभा राहिला. म्हणूनच रिप्लाय असला तरी `to == "bot"` हवंच. लोक बॉटच्या मेसेजला रिप्लाय देऊन एकमेकांशी बोलतात.

`has_fact` म्हणजे तुमच्या कागदपत्रांत या प्रश्नाचं नेमकं उत्तर सापडलं का. इथे बोलावलेला आणि न बोलावलेला यांत फरक करा. टॅग करून विचारलं आणि उत्तर नसेल, तर "माझ्याकडे ही माहिती नाही" म्हणणं हे सौजन्य. कुणी न विचारता पुढे येऊन "माझ्याकडे ही माहिती नाही" म्हणणं हा विनोद.

आता `wait`. "कोणाला माहीत आहे का" छापाचा प्रश्न आला की बॉटने लगेच बोलायचं नाही, घड्याळ लावायचं. सोसायटीच्या ग्रुपवर मी चार ते सहा मिनिटं ठेवतो, रात्री अकरानंतर खुल्या प्रश्नांना उत्तरच नाही. वेळ संपल्यावर थेट उत्तर पाठवू नका. तेव्हापर्यंत आलेले सगळे मेसेज पुन्हा मॉडेलला दाखवा आणि दोन गोष्टी विचारा: याचं उत्तर कुणी दिलं का, आणि प्रश्न अजून तोच आहे का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. एका सकाळचं उदाहरण घेऊन सांगतो.

७:१० ला एक ताई लिहितात, "आज टँकर येणार आहे का, कोणाला माहीत?" खूण: सगळ्यांना. वेळापत्रकात आज ९:३० चा टँकर आहे, म्हणजे `has_fact` खरं. घड्याळ सुरू, चार मिनिटं. ७:११ ला कुणीतरी, "काल पण आला नव्हता." खूण: कोणालाच नाही. ७:१२ ला तो मेंटेनन्सचा टोमणा. ७:१४ ला घड्याळ संपतं. उत्तर कुणी दिलेलं नाही, बॉटकडे ९:३० तयार आहे, आणि जुन्या कोडने ते पाठवलं असतं. पण मधल्या दोन मेसेजनी प्रश्न बदललाय. वेळापत्रकात काय आहे हे आता कुणालाच नकोय, वेळापत्रक पाळलं जातंय का हे हवंय, आणि ते सखारामला माहीत नाही. कालचा टँकर बुडालेल्या लोकांना "आज ९:३० ला टँकर येईल" म्हणणं म्हणजे भिंतीवरच्या पाटीने बोलायला लागणं. गप्प. ७:१६ ला कुणी लिहितं, "@sakharam_soc_bot टँकरवाल्याचा नंबर दे." टॅग आहे, त्याला उद्देशून आहे, कागदात आहे: लगेच, त्याच मेसेजला रिप्लाय करून, एका ओळीत. ७:१७ ला "@sakharam_soc_bot ला काय विचारताय, सेक्रेटरींनाच फोन लावा." टॅग आहे, पण ला आहे. गप्प. सात मिनिटांत पाच मेसेज, आणि बॉट एकदाच बोलला. अशा सकाळी एवढंच बोलणं बरोबर आहे.

उत्तर आणि गप्प यांच्यामध्ये एक तिसरी जागा आहे ती वापरा. २०२३ च्या अखेरपासून टेलिग्राम बॉटला `setMessageReaction` देतो, म्हणजे मेसेजवर इमोजी लावता येतो. कुणी "धन्यवाद सखाराम" म्हटलं तर त्यावर "आपले स्वागत आहे! आणखी काही मदत हवी का?" नको. एक 👍 पुरे.

काही वेळा अशा असतात की खूण काहीही येवो, न बोलावता बोलायचंच नाही. हे मी एका सकाळी शिकलो. एका घरातल्या आजोबांचं निधन झालं होतं, मुलाने लिहिलं, "बाबा रात्री गेले. किती वाजता निघायचं ते कळवतो." बॉटने "किती वाजता निघायचं" पकडलं आणि कंपनीच्या बसची वेळ सांगितली. तेव्हा मी नुसते शब्द जुळवत होतो, पण चांगल्या मॉडेलनेही असं होऊ शकतं. त्यानंतर प्रत्येक बॉटमध्ये मी एक साधी शब्दयादी ठेवतो: श्रद्धांजली, निधन, अंत्यविधी, ॲम्ब्युलन्स, आग, rip, आणि त्यांची रोमन लिपीतली रूपं. यातलं काही दिसलं की सहा तास फक्त टॅगलाच उत्तर. "बाबा गेले" हे या यादीत पकडलं जात नाही, ते मॉडेलच्या खुणेवर सोडावं लागतं. पण पाठोपाठ येणाऱ्या भावपूर्ण श्रद्धांजलींच्या रांगेत तरी तो मध्ये कडमडत नाही.

आता तुमच्या सेटिंगबद्दल. टेलिग्रामवर बॉटचा प्रायव्हसी मोड मुळात चालू असतो. त्यात बॉटला त्याच्यासाठीच्या कमांड, त्याच्या मेसेजला दिलेले रिप्लाय अशा मोजक्याच गोष्टी पोचतात, सगळी चर्चा पोचत नाही. वर सांगितलेल्या `wait` साठी सगळे मेसेज दिसायला हवेत, म्हणून BotFather मध्ये `/setprivacy` ने तो बंद करावा लागेल आणि बॉटला ग्रुपमधून काढून पुन्हा घ्यावं लागेल, नाहीतर बदल लागू होत नाही. एक पाठीमागचं दारही आहे: बॉटला ॲडमिन केलं की प्रायव्हसी मोड काहीही असला तरी त्याला सगळं दिसतं. स्पॅम पुसता यावा म्हणून कुणी त्याला ॲडमिन करतं आणि दुसऱ्या दिवशी तो अचानक बडबडायला लागतो, त्याचं कारण बहुधा हे. दोन्ही बाबतीत ग्रुपला आधी सांगा की आता बॉट सगळं वाचतो आणि मजकूर बाहेरच्या मॉडेलकडे जातो. काही लोक नको म्हणतील. मग खुल्या प्रश्नांचा नाद सोडा आणि टॅगवर राहा. "कुणी टॅगच करत नाही" याला तेव्हा एकच इलाज उरतो: टॅग कसा करायचा हे दाखवणारा एक पिन केलेला मेसेज, आणि सेक्रेटरींनी स्वतः चारचौघांत दोन-चार वेळा बॉटला विचारून दाखवणं.

परवानगी मिळाली तर लगेच ग्रुपवर सोडू नका. एक आठवडा बॉटला मुका ठेवा: तो निर्णय घेईल, उत्तरही तयार करेल, पण ते फक्त तुमच्या खासगी ग्रुपवर येईल. रोज रात्री बसून प्रत्येकावर "बोलायला हवं होतं" किंवा "नको होतं" अशी खूण करा. तो गप्प राहिला त्यातलेही वीस-पंचवीस मेसेज रोज बघा, नाहीतर हुकलेले कळणारच नाहीत. आठवड्याने जी यादी तयार होते, ती तुमची खरी परीक्षा. प्रॉम्प्टमध्ये एक शब्द बदलला तरी ती पुन्हा चालवायची. बोलण्याइतपत झालाय हे मी असं ठरवतो: न बोलावता तो दहा वेळा बोलला असता, तर त्यातलं एकाहून जास्त "नको होतं" नसावं.

सुरू केल्यावरही मोजत राहा, पण कशावरून ते नीट निवडा. साध्या ग्रुपमध्ये कुणी बॉटचा मेसेज पुसला तर ते बॉटला कळवलं जात नाही. लोकांनी लावलेले इमोजी कळतात, पण त्यासाठी बॉट ॲडमिन हवा आणि `allowed_updates` मध्ये `message_reaction` स्वतःहून मागावं लागतं. मला सगळ्यात उपयोगी पडलेली खूण वेगळीच आहे: बॉटने उत्तर दिल्यानंतर पाच मिनिटांत कुणा माणसाने तेच उत्तर पुन्हा दिलं का? दिलं असेल तर एकतर बॉटने घाई केली, किंवा लोकांचा त्याच्यावर भरवसा नाही. पहिल्यावर उपाय म्हणजे घड्याळ वाढवणं. दुसऱ्यावर घड्याळाचा इलाज चालत नाही, तिथे त्याची माहिती तपासा.

गप्प करायची कळ ग्रुपमधल्या कुणाच्याही हातात द्या, फक्त ॲडमिनच्या नको. टेलिग्रामच्या कमांडमध्ये इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच चालतं, त्यामुळे `/गप्प` ही कमांड होत नाही, `/gapp` ठेवा. एक तास न बोलावता बोलणं बंद, आणि त्यावर "ठीक आहे, मी आता गप्प बसतो" असं उत्तरही नाही. "सखाराम गप्प बस" हे साधं वाक्यही तसंच ओळखा, कारण चिडलेला माणूस कमांड आठवत बसत नाही.

शेवटचं `too_old`. सर्व्हर बंद पडला तर टेलिग्राम तुमच्या बॉटसाठी आलेले मेसेज जास्तीत जास्त २४ तास राखून ठेवतो आणि बॉट उठला की सगळे एकदम हातात देतो. मग तो काल संध्याकाळच्या "लिफ्ट चालू आहे का" ला आज सकाळी उत्साहाने उत्तरं द्यायला लागतो, एका ग्रुपला मिनिटाला वीस मेसेजची मर्यादा गाठेपर्यंत. `message.date` बघा, दहा मिनिटांपेक्षा जुनं असेल तर सोडून द्या. दुरुस्त केलेले मेसेज `edited_message` म्हणून वेगळे येतात, तेही सोडा, नाहीतर कुणी "टँकर" वरचा अनुस्वार दुरुस्त केला की त्याला तेच उत्तर दुसऱ्यांदा मिळतं.